मेशमध्ये दर हॉपला वेग निम्मा का होतो? आधी मोजणी, मग हिशेब, मगच उपाय

राउटरसमोर उभं राहिलं की लॅपटॉपवर ३०० एमबीपीएस दिसतात. घराच्या मागच्या टोकाला, मेशच्या, म्हणजे वाय-फाय एकमेकांकडून पुढे नेणाऱ्या डब्यांच्या जाळ्याच्या, दुसऱ्या नोडला अगदी खेटून बसलं, सिग्नलच्या कांड्या भरलेल्या असल्या, तरी आकडा दीडशेच्या आसपासच अडकतो. तिसऱ्या नोडपाशी तो आणखी घसरतो. बरेच जण इथे नोड बदलून घेतात किंवा चौथा नोड विकत आणतात. पहिल्याने काही बिघडत नाही, पण दुसऱ्याने वेग बहुतेक वेळा आणखी कमी होतो. या घसरणीमागे बिघाड नसतो. एकाच चॅनलवर चालणाऱ्या रेडिओंचा तो स्वभाव आहे आणि त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. तो हिशेब कसा मांडायचा, घरात खरे आकडे कसे काढायचे आणि त्यावरून तार कुठे टाकायची किंवा नोड कुठे ठेवायचा, हे इथे एका घराच्या उदाहरणाने पाहू.

एका सेकंदाचा हिशेब

वाय-फायचा वेग एमबीपीएसमध्ये सांगितला जातो, त्यामुळे आपण वेगांची तुलना करत बसतो. खरं तर वाटून घ्यायची गोष्ट आहे हवेतला वेळ, म्हणजे एअरटाइम. एका चॅनलवर दर सेकंदाला एकच सेकंद असतो, आणि त्या चॅनलवर एकमेकांना ऐकू येणाऱ्या सगळ्या रेडिओंना तोच वापरावा लागतो.

समजा राउटरकडून ३०० मेगाबिटचा तुकडा फोनकडे जायचा आहे. राउटर आणि नोड यांच्यातला प्रत्यक्ष वेग ३०० एमबीपीएस आहे, तर हवेतल्या या पहिल्या टप्प्याला, म्हणजे हॉपला, एक सेकंद लागला. आता तोच तुकडा नोडला पुढे फोनला द्यायचा आहे. तोही वेग ३०० एमबीपीएस धरला, तर आणखी एक सेकंद. तुकडा एकच, पण हवेत तो दोनदा बोलला गेला. ३०० मेगाबिट पोहोचायला दोन सेकंद लागले, म्हणजे फोनच्या दृष्टीने वेग १५० एमबीपीएस. निम्मा.

दोन्ही कामं एकाच वेळी का होत नाहीत, हा प्रश्न इथे साहजिक आहे. नोड राउटरकडून ऐकता ऐकता फोनला पाठवू शकला असता, तर दुसरा सेकंद वाचला असता. अडचण नोडच्या अँटेनापाशी आहे. नोड स्वतः पाठवतो तेव्हा त्याची ताकद साधारण २० डीबीएम असते, आणि राउटरकडून त्याच्यापर्यंत पोहोचणारा सिग्नल बरा असला तरी उणे ६० डीबीएमच्या आसपास असतो. फरक ८० डेसिबलचा, म्हणजे दहा कोटी पटींचा. कानाशी ओरडत असताना दूरची कुजबुज ऐकण्यासारखं हे आहे. स्वतःचाच आवाज वजा करून ऐकण्याचं तंत्र प्रयोगशाळांत दाखवलं गेलेलं आहे, पण घरातल्या नोडमध्ये ते नसतं. म्हणून एका चॅनलवर वाय-फायचा रेडिओ एका वेळी एक तर पाठवतो, नाही तर ऐकतो.

दुसरी अडचण राउटरच्या बाजूची आहे. पाठवण्यापूर्वी हवा मोकळी आहे का ते ऐकायचं आणि कुणी बोलत असेल तर थांबायचं, हा वाय-फायचा मूळ नियम आहे. नोड फोनशी बोलत असतो तेव्हा राउटरला ते ऐकू येतं आणि तो गप्प बसतो. म्हणजे नोडने एकाच वेळी दोन्ही करण्याची कला शिकली असती, तरी राउटरने नियम पाळून वाटच पाहिली असती.

या दोन सेकंदांत फक्त माहिती जात नाही. प्रत्येक वेळी पाठवण्याआधी ५ गिगाहर्ट्झवर ३४ मायक्रोसेकंद शांतता ऐकावी लागते. त्यानंतर चिठ्ठी टाकल्यासारखी काही कप्प्यांची वाट पाहायची असते, एकेक कप्पा ९ मायक्रोसेकंदांचा. मग पाकिटाची सुरुवातीची खूण, पाकीट, १६ मायक्रोसेकंदांची विश्रांती आणि समोरच्याची पोच. १,५०० बाइटचं एक पाकीट ५२० एमबीपीएसच्या लिंकवर फक्त २३ मायक्रोसेकंदांत जातं, म्हणजे हा सगळा विधी पाकिटापेक्षा मोठा असतो. म्हणूनच नवीन वाय-फाय अनेक पाकिटांची मोळी बांधून एकदम पाठवतं. तरीही ॲपमध्ये दिसणाऱ्या लिंक-वेगाच्या साधारण ६० ते ६५ टक्केच प्रत्यक्षात हाती येतात. आणि हा विधी दर हॉपला नव्याने करावा लागतो.

निम्मा, पाव की तिसरा हिस्सा?

‘दर हॉपला निम्मा’ हे वाक्य शब्दशः घेतलं तर तीन हॉपला पाव आणि चार हॉपला आठवा हिस्सा उरायला हवा. हिशेब तसं सांगत नाही. तीन हॉप सारख्या वेगाचे असतील, तर तोच तुकडा हवेत तीनदा बोलला जातो. वेळ तिप्पट, म्हणून वेग एक-तृतीयांश. चार हॉप, तर एक-चतुर्थांश. दुसऱ्या हॉपला खरंच निम्मा होतो, पुढे प्रत्येक हॉपचा घाव थोडा हलका होत जातो. वेग वेगवेगळे असले तर सूत्र असं:

```
1/R = 1/R1 + 1/R2 + 1/R3
```

इथे `R1`, `R2`, `R3` हे एकेका हॉपचे सुटे, प्रत्यक्ष मोजलेले वेग आहेत आणि `R` हा टोकापर्यंतचा वेग. हे सूत्र सगळे हॉप एकाच चॅनलवर आणि एकमेकांच्या कानाच्या टप्प्यात असतात तेव्हाचं आहे. घरात ते जवळजवळ नेहमी तसेच असतात.

मग निम्म्याचा नियम आला कुठून? एक जागा नक्की सांगता येते. लिनक्सच्या कर्नलमध्ये मेशसाठी बॅटमॅन-ॲडव्हान्स्ड नावाचं मॉड्यूल आहे, आणि त्याच्या पाचव्या आवृत्तीच्या अल्गोरिदममध्ये हा नियम थेट लिहिलेला आहे: मार्गाची माहिती ज्या वाय-फाय इंटरफेसवरून आली त्याच इंटरफेसवरून पुढे जाणार असेल, तर त्या मार्गाचा अंदाजित वेग निम्मा करायचा. अशा मार्गावर तीन हॉप असले तर अंदाज खरोखर पाव होतो. पण हा मार्ग निवडण्यासाठीचा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. लांबच्या मार्गाला जरा जास्तच दंड करून मॉड्यूल आखूड मार्गाकडे झुकतं, आणि माझ्या मते ते शहाणपणाचं आहे. आयईईईच्या ८०२.११एस या मेश मानकात मार्गाचं माप आपल्या सूत्राच्या जवळचं आहे: ठराविक ८,१९२ बिटांची चौकट पाठवायला प्रत्येक हॉपवर किती एअरटाइम लागेल ते काढायचं आणि बेरीज करायची.

प्रत्यक्षात मात्र वेग या सूत्रापेक्षाही खाली जाऊ शकतो, आणि याचा चांगला पुरावा अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात सापडतो. एमआयटीच्या मंडळींनी तिथे सुमारे चार चौरस किलोमीटरच्या वस्तीत रूफनेट नावाचं मेश उभं केलं आणि २००५ मध्ये ३७ नोडचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. रेडिओ जुने ८०२.११बीचे, सगळे एकाच चॅनलवर. एका हॉपच्या जोड्यांना सरासरी सुमारे २,४५० केबीपीएस मिळत होते, दोन हॉपना ७७० आणि तीन हॉपना ३६०. नुसत्या वाटणीने दोन हॉपला बाराशेच्या वर मिळायला हवे होते. उरलेली घट बहुधा ओळीने येणाऱ्या हॉपचे संदेश एकमेकांवर आदळल्यामुळे होती. वाटणी आणि टक्कर, ही दोन वेगळी कारणं ध्यानात ठेवा. पुढे निदान करताना हाच फरक कामाला येणार आहे.

साखळी फार लांब असेल तर उलट दिशेने थोडी सवलत मिळते, कारण पहिला आणि पाचवा हॉप एकमेकांना ऐकू येईनासे होतात आणि एकाच वेळी चालू शकतात. एमआयटीच्याच २००१ च्या एका अभ्यासात लांब साखळीचा आदर्श वेग एका हॉपच्या पावपट निघाला होता, पण वाय-फायच्या नियमांवर केलेल्या सिम्युलेशनमध्ये तो सातव्या हिश्शाच्या आसपासच राहिला. घरात ही सवलत विसरून जा. रेडिओचा त्रास त्याच्या उपयोगापेक्षा बराच दूरवर जातो. ज्या भिंतीपलीकडे डेटा जात नाही, तिथेही त्याचा आवाज समोरच्याला गप्प बसवायला पुरतो.

एक घर घेऊ

कोकणातलं जुन्या बांधणीचं घर या विषयासाठी उत्तम नमुना आहे, कारण ते सरळ रेषेत लांबत जातं: ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. भिंती जाड जांभ्याच्या, आणि ५ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला त्या चांगल्याच नडतात. फायबर ओटीवर येते, राउटर तिथेच. एक नोड माजघरात, दुसरा पडवीत. सगळं एकाच ५ गिगाहर्ट्झ चॅनलवर. समजायला सोपे जावेत म्हणून गोल आकडे घेऊ:

```
R1  ओटी -> माजघर         300
R2  माजघर -> पडवी        150
R3  पडवी -> लॅपटॉप        300
```

३०० मेगाबिट पुढे न्यायला पहिल्या हॉपला एक सेकंद, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. एकूण चार सेकंद, म्हणजे पडवीत ७५ एमबीपीएस. तीनपैकी दोन हॉप उत्तम आहेत, लॅपटॉपवर सिग्नल पूर्ण दिसतो, आणि तरी हाती चौथा हिस्सा येतो. निम्मा वेळ मधला मंद हॉप एकटा खातो, हे लक्षात घ्या. पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

मोजणी कशी करायची

इंटरनेटच्या स्पीड टेस्टवर हे निदान करू नका. प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल, तर ओटीवर ३०० आणि माजघरात १५० असले तरी दोन्हीकडे १००च दिसेल आणि काही घडलंच नाही असं वाटेल. घरातल्या घरात मोजा. त्यासाठी दोन लॅपटॉप, एक लॅनची केबल आणि `iperf3` हा मोफत प्रोग्रॅम पुरतो.

पहिला लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि त्यावर सर्व्हर चालू करा. त्याचा आयपी पत्ता लिहून ठेवा. दुसऱ्या लॅपटॉपवरून मोजा:

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.10 -t 30 -P 4 -R
```

पहिली ओळ सर्व्हरवर, दुसरी मोजणाऱ्या लॅपटॉपवर. पत्ता आपल्या सर्व्हरचा घाला. `-R` दिल्यावर डेटा सर्व्हरकडून आपल्याकडे येतो, म्हणजे डाउनलोडची दिशा मोजली जाते. `-t 30` म्हणजे तीस सेकंद. दहा सेकंदांत आकडा स्थिरावत नाही. `-P 4` म्हणजे चार प्रवाह एकत्र. जोडणीच झाली नाही, तर सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ५२०१ हा पोर्ट उघडा. सर्व्हर राउटरवरच चालवण्याचा मोह होतो, पण स्वस्त राउटरचा प्रोसेसर आधी दमतो आणि आपण वाय-फायऐवजी प्रोसेसर मोजून बसतो.

आता हॉप सुटे करू. `R1` साठी दुसरा लॅपटॉप वाय-फायने नको. तो केबलने माजघरातल्या नोडच्या लॅन पोर्टला लावा आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. आता मधे हवेतला एकच हॉप आहे. `R2` साठी सर्व्हरचा लॅपटॉप माजघराच्या नोडला केबलने, आणि मोजणारा पडवीच्या नोडला केबलने. `R3` साठी सर्व्हर पडवीच्या नोडला केबलने आणि मोजणारा लॅपटॉप वाय-फायवर, रोज जिथे बसता तिथे. शेवटी सर्व्हर पुन्हा राउटरला लावून पडवीतून वाय-फायवर टोकापर्यंतचा `R` मोजा.

यात दोन ठिकाणी फसगत होते. पहिली अशी की लॅपटॉप आपल्याला वाटतो त्या नोडला जोडलेलाच नसतो. पडवीत येऊनही तो माजघरालाच चिकटून राहतो. विंडोजवर ही कमांड देऊन बीएसएसआयडी, म्हणजे नोडच्या रेडिओचा पत्ता, आणि चॅनल तपासा:

```
netsh wlan show interfaces
```

लिनक्सवर `iw dev wlan0 link` बीएसएसआयडी आणि चॅनलच्या जागी फ्रिक्वेन्सी सांगतं; या आणि पुढच्या कमांडमध्ये `wlan0` च्या जागी आपल्या इंटरफेसचं नाव घाला. बीएसएसआयडी कोणत्या नोडचा आहे ते मेशच्या ॲपमध्ये किंवा नोडच्या तळाच्या चिकटपट्टीवर मिळतं. शेवटचे एकदोन अंक थोडे वेगळे असू शकतात.

दुसरी फसगत केबलची. काही स्वस्त नोडचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, आणि गिगाबिट पोर्टही केबलची एखादी जोडी नीट क्रिम्प झाली नसेल तर १००वर उतरतो. मोजणीत ९४च्या आसपास अगदी स्थिर आकडा आला, की तो हवेचा नाही, पोर्टचा किंवा केबलचा आहे असं समजा. हवेतला आकडा इतका स्थिर कधीच नसतो.

नोडला लॅन पोर्टच नसेल, तर ॲपमध्ये दाखवलेला बॅकहॉलचा, म्हणजे नोडांच्या आपसातल्या दुव्याचा, लिंक-वेग घ्या आणि त्याचे साठ टक्के धरा. ही अदमासे रीत आहे, पण मंद हॉप कोणता ते कळायला पुरते.

मोजलेलं आणि हिशेबाचं जुळतं का

सुटे आकडे सूत्रात घाला आणि आलेलं उत्तर टोकापर्यंतच्या मोजणीशी ताडून पाहा. आपल्या घरात ७५ यायला हवेत.

६५ ते ८०च्या दरम्यान आले, तर घट सगळी वाटणीची आहे. चॅनल बदलून, फर्मवेअर अपडेट करून किंवा अँटेना वाकवून फार काही हाती लागणार नाही. हॉपच कमी करावे लागतील किंवा वेगळ्या चॅनलवर न्यावे लागतील.

स्पष्टपणे जास्त आले, समजा १००, तर शेवटचा हॉप आधीच वेगळ्या चॅनलवर आहे. दोन बँडच्या संचात बॅकहॉल ५ गिगाहर्ट्झवर आणि लॅपटॉप २.४वर गेला की असं होतं. मग पहिले दोन हॉपच वाटणीत राहतात (एक अधिक दोन, तीन सेकंद, म्हणजे १००), आणि अंतिम वेग हा त्या १०० आणि शेवटच्या हॉपच्या स्वतःच्या वेगापैकी जो लहान असेल तो.

आणि बरेच कमी, म्हणजे ४० किंवा ५० आले, तर वाटणीशिवाय दुसरं काही चाललं आहे. यात दोन शक्यता आधी तपासाव्यात. एक, शेजाऱ्यांचा वापर. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर चालवणाऱ्या नोडवर मोजणी बंद ठेवून, घरात फारसं काही चालू नसताना हे पाहा:

```
iw dev wlan0 survey dump
```

इथे `in use` लिहिलेल्या चॅनलखाली `channel active time` आणि `channel busy time` असे दोन आकडे येतात. काही सेकंदांच्या अंतराने दोनदा कमांड द्या आणि वाढलेल्या आकड्यांचं गुणोत्तर काढा. आपण गप्प असताना चॅनल तीस-चाळीस टक्के व्यग्र दिसला, तर आपला एक सेकंद मुळातच सहा-सात दशांश आहे. चॅनल बदला. कोकणातल्या सुट्या घराला हा त्रास क्वचित होतो, ठाण्यातल्या इमारतीत तो रोजचा असतो.

दुसरी शक्यता टकरीची, रूफनेटला नडलेली. ओटीवरच्या राउटरला पडवीतला लॅपटॉप ऐकू येत नाही. मधे तीन भिंती आहेत. माजघरातल्या नोडला मात्र पडवीकडचा आवाजही पोहोचतो. राउटर माजघराकडे डेटा पाठवत असतो, त्याच क्षणी लॅपटॉप पडवीच्या नोडकडे काही पाठवतो, आणि माजघरात दोन्ही एकमेकांवर आदळतात. कुणी नियम मोडलेला नसतो. ऐकूच येत नाही तर थांबणार कसं? याची खूण अशी: प्रत्येक हॉप सुटा मोजला की उत्तम, एकत्र मोजला की कोसळतो, आणि `iw dev wlan0 station dump` मध्ये `tx retries` झपाट्याने वाढतात. यावर पाठवण्यापूर्वी परवानगी मागण्याची पद्धत चालू करता येते:

```
iw phy phy0 set rts 500
```

५०० बाइटपेक्षा मोठं काही पाठवायचं असेल तर रेडिओ आधी छोटी विनंती पाठवतो, समोरचा होकार देतो, आणि तो होकार ऐकणारे बाकीचे थांबतात. या देवाणघेवाणीचा स्वतःचा खर्च आहे, त्यामुळे टकरी नसतील तिथे वेग थोडा पडतो. चालू करून पुन्हा मोजा. फायदा नसेल तर `iw phy phy0 set rts off`. बाजारातल्या बंद मेश-संचांत ही सोय बहुतेक वेळा नसते.

उपाय, आपल्या घरातले

सगळ्यात आधी पडवीचा नोड बंद करून पाहा. हे विचित्र वाटेल, पण हिशेब पाहा: माजघर ते पडवी १५० आणि पुढे ३००, म्हणजे दोन्ही हॉप मिळून १०० एमबीपीएसची वाट. लॅपटॉपला पडवीत बसून माजघराच्या नोडकडून थेट १०० मिळत असतील, तर पडवीचा नोड असला काय नि नसला काय, टोकाला ७५च येणार. थेट १०० पेक्षा जास्त मिळत असतील तर तो नोड वेग खातो आहे. थेट ६०च मिळत असतील तर मात्र त्याच्याशिवाय वेग ५० होईल, म्हणून तो राहू द्या. सरळ नियम असा की थेट मिळणारा वेग, मधला नोड घालून मिळणाऱ्या एकत्रित वेगापेक्षा कमी असेल तरच नोडला जागा आहे. चौथा नोड विकत घेण्याआधी ही एक चाचणी करावी, असा माझा आग्रह आहे.

मग नोडची जागा. वाय-फाय जिथे पोहोचत नाही तिथेच नोड ठेवण्याची पद्धत सर्रास आहे, आणि ती चुकीची आहे. जिथे सिग्नल पोहोचत नाही तिथे नोडलाही तो मिळत नाही. समजा एकच नोड आहे. तो पडवीत ठेवला तर राउटरकडून त्याला ६० मिळतात आणि तो लॅपटॉपला ४०० देतो. एकत्रित वेग सुमारे ५२. तोच माजघरात ठेवला आणि ३०० व २०० मिळाले, तर १२०. लॅपटॉपवर दिसणारा सिग्नल दुसऱ्या जागी कमी असेल, पण वेग दुपटीहून अधिक. बेरीज वेळेची असल्याने मंद हॉप सगळा वेळ गिळतो, म्हणून हॉप शक्यतो सारखे ठेवायचे. आपल्या तीन हॉपच्या घरात मात्र जागा बदलून मोठा फरक पडत नाही. माजघराचा नोड थोडा मागे सरकवून २००, २५० आणि ३०० केले, तरी ७५ चे ८१ होतात. तेवढ्यासाठी रोजच्या वाटेत डबा ठेवू नका.

खरा फरक तार करते, पण कोणत्या हॉपवर टाकली त्यावर बरंच अवलंबून आहे. एकाच टप्प्यापुरती केबल टाकणं शक्य असेल, तर सोपं म्हणून ओटी ते माजघर टाकली जाते. त्याने एक सेकंद वाचतो, उरतात तीन, वेग १००. तीच केबल माजघर ते पडवी टाकली तर दोन सेकंद वाचतात, उरतात दोन, वेग १५०. मूळच्या ७५ च्या दुप्पट, तेवढ्याच केबलमध्ये. मोजणी आधी करायची ती यासाठी.

आणि मधला टप्पा तारेचा झाला की आणखी एक दार उघडतं. माजघराच्या पलीकडचं आणि अलीकडचं वाय-फाय आता हवेने जोडलेलं नाही, म्हणून दोघांना वेगळे चॅनल देता येतात: ओटी ते माजघर ३६ ते ४८ या गटात, पडवी १४९ ते १६१ मध्ये. भारतात २०१८ पासून घरगुती वापराला ५ गिगाहर्ट्झचे दोन्ही गट विनापरवाना खुले आहेत. दोन्ही हॉप एकाच वेळी चालतात, बेरीज करायला काही उरत नाही, आणि पडवीत ३०० मिळायला लागतात. मधल्या ५२ ते १४४ या चॅनलवर रडार आढळला तर रेडिओला चॅनल सोडावा लागतो, म्हणून बॅकहॉलसाठी ते टाळलेले बरे. बऱ्याच बंद संचांमध्ये नोडनिहाय चॅनल ठरवू देत नाहीत, म्हणून विकत घेताना हे विचारून घ्या. तार लावल्यावर ॲपमध्ये त्या नोडचा बॅकहॉल तारेचा झाला आहे ना, तेही पाहा. ओपनडब्ल्यूआरटीवर त्या जोडीचा वायरलेस दुवा हाताने बंद करा किंवा लूप टाळण्याची सोय चालू करा, नाहीतर पाकिटं तार आणि हवा यांच्यात गोल फिरत राहतात.

तार अजिबात शक्य नसेल तर तीन रेडिओंचा संच हा पर्याय आहे. त्यात एक रेडिओ फक्त नोडांच्या आपसातल्या बोलण्यासाठी असतो. खोक्यावर तो निम्म्याचा प्रश्न सोडवतो असं सुचवलेलं असतं, आणि राउटर, एक नोड, एक लॅपटॉप एवढीच साखळी असेल तर तो खरंच सोडवतो. पण आपल्या घरात बॅकहॉलचे दोन हॉप आहेत आणि दोन्ही त्याच राखीव रेडिओवर, त्याच चॅनलवर चालतात. लॅपटॉपचा एक सेकंद वाचला, बॅकहॉलचे तीन राहिले, वेग १००. ओटी ते माजघर तार टाकून जेवढा मिळाला तेवढाच. घराचा आकार जमत असेल, तर राउटर ओटीवरून मध्यावर, माजघरात आणा आणि नोड दोन्ही बाजूंना ठेवा. फायबर ओटीवर येत असली तरी ओएनटी, म्हणजे फायबर जिथे संपते त्या डब्यापासून राउटरपर्यंत एक लॅन केबल आत नेणं हे सहसा सगळ्यात स्वस्त काम असतं. मग कुठलाही लॅपटॉप राउटरपासून दोनपेक्षा जास्त हॉप दूर राहत नाही, आणि तीन रेडिओंच्या संचात बॅकहॉलचा हॉप एकच उरतो. आपल्या आकड्यांत पडवीला मग १५० मिळतील, कारण माजघर ते पडवीचा दुवा तेवढाच आहे.

दोन्ही बाजूंना एकाच वेळी जड वापर झाला, तर दोन्हीकडचे नोड तो एकच बॅकहॉल चॅनल वाटून घेतात; मोजणी करताना दुसऱ्या टोकाला कुणी सिनेमा पाहत नाही ना ते बघा, नाहीतर आकडे जुळणार नाहीत. आणि आपला प्लॅन ५० एमबीपीएसचाच असेल, मोजलेले ७५ रात्रीच्या गर्दीतही टिकत असतील, तर हे घर आहे तसंच ठेवा.